जंतनाशकाची मात्रा किती पटीने चुकली तर चालते? ईडी-५०, एलडी-५० आणि सुरक्षित अंतर

शेतकऱ्यांचे प्रश्न

"साहेब, फेनबेंडाझोल दुप्पट पाजलं तरी काही होत नाही म्हणतात. मग क्लोसँटेल थोडं जास्त गेलं तर शेळी आंधळी कशी होते?"

"माहितीपत्रकात एलडी-५० आणि थेरप्युटिक इंडेक्स लिहिलेलं असतं. इंडेक्स २० म्हणजे वीस पट पाजलं तरी चालतं का?"

"फवारणीच्या बाटलीवर लाल-निळा त्रिकोण असतो, तो हाच हिशोब आहे का?"

उत्तर

नाही, इंडेक्स २० असला तरी वीस पट चालत नाही. का चालत नाही ते कळायला आधी हे आकडे येतात कुठून ते पाहू.

समजा एकाच वजनाच्या, जंत झालेल्या पुष्कळ शेळ्यांचे गट केले आणि प्रत्येक गटाला वेगळी मात्रा पाजली. मात्रा नेहमी दर किलो वजनाला किती मिलिग्रॅम अशी मोजायची. लेंडीतली जंतांची अंडी ९५ टक्क्यांहून जास्त घटली, तर त्या शेळीला गुण आला असं धरू. ज्या मात्रेला १०० पैकी ५० शेळ्यांना गुण येतो ती ईडी-५०, म्हणजे मध्यम परिणामकारक मात्रा. ज्या मात्रेला १०० पैकी ५० जनावरं दगावतात ती एलडी-५०, म्हणजे मध्यम मारक मात्रा. एलडी-५० साठी शेळ्या मारत नाहीत. पत्रकातला आकडा बहुधा उंदरांवरचा असतो, आणि उंदरावरून शेळीचा अंदाज ढोबळच निघतो. एलडी-५० ला ईडी-५० ने भागलं की थेरप्युटिक इंडेक्स, म्हणजे उपचार निर्देशांक मिळतो.

निम्म्याचाच आकडा का घेतात? कारण मात्रा वाढेल तसं १०० पैकी किती जनावरांवर परिणाम होतो याचा आलेख काढला, तर तो मधोमध सर्वांत उभा असतो आणि तिथली मात्रा नेमकी काढता येते. टोकाला तो आडवा पसरतो. एखाद-दुसरं जनावर कोणत्या मात्रेला दगावेल हे काढायला फार जनावरं लागतात. मधला आकडा मोजायला सोयीचा, इतकंच. तुमच्या गोठ्यात मात्र टोकाचंच जनावर महत्त्वाचं, कारण निम्म्या शेळ्या बऱ्या होणं किंवा निम्म्या मरणं यातलं काहीच तुम्हाला परवडणारं नाही.

खाली दोन काल्पनिक औषधं मांडली आहेत. दोन्हींची ईडी-५० आहे ५ आणि एलडी-५० आहे १००, म्हणजे दोन्हींचा इंडेक्स २०. एक चौकट म्हणजे साधारण ५ शेळ्या. फिकी चौकट गुण आलेल्यांची, गडद चौकट दगावलेल्यांची. मात्रा मिलिग्रॅम दर किलो.

```
औषध अ (चढ उभा)
  ४   ▒▒▒▒▒                  गुण २३
  ५   ▒▒▒▒▒▒▒▒▒▒             गुण ५०
  ८   ▒▒▒▒▒▒▒▒▒▒▒▒▒▒▒▒▒▒▒    गुण ९४
 १०   ▒▒▒▒▒▒▒▒▒▒▒▒▒▒▒▒▒▒▒▒   गुण ९९
      (१० ते ५० : मोकळी जागा)
 ५०   █                      मृत्यू १
 ८०   █████                  मृत्यू २३
१००   ██████████             मृत्यू ५०
```

```
औषध ब (चढ पसरट)
 २.५  ▒▒▒                    गुण १६
  ५   ▒▒▒▒▒▒▒▒▒▒             गुण ५०
 १०   ▒▒▒▒▒▒▒▒▒▒▒▒▒▒▒▒▒      गुण ८४
 २०   ▒▒▒▒▒▒▒▒▒▒▒▒▒▒▒▒▒▒▒▒   गुण ९८
      █                      मृत्यू १
 २५   ▒▒▒▒▒▒▒▒▒▒▒▒▒▒▒▒▒▒▒▒   गुण ९९
      █                      मृत्यू २
 ५०   ███                    मृत्यू १६
१००   ██████████             मृत्यू ५०
```

हेच आकडे चौकटीच्या कागदावर काढून पाहा. आडव्या रेघेवर १, २, ४, ८, १६ अशी दर चौकटीला दुप्पट होणारी मात्रा घ्या आणि उभ्या रेघेवर १०० पैकी किती शेळ्या ते. झोपवलेल्या नागमोडीसारखे दोन वक्र मिळतील, डावीकडचा गुणाचा आणि उजवीकडचा मृत्यूचा. औषध अ चे दोन वक्र एकमेकांपासून लांब राहतात. औषध ब चे पायथ्याशी एकमेकांत शिरतात.

म्हणून सुरक्षिततेसाठी दुसरा हिशोब करतात. १०० पैकी एक जनावर दगावतं ती मात्रा, म्हणजे एलडी-१. १०० पैकी ९९ जनावरांना गुण येतो ती मात्रा, म्हणजे ईडी-९९. एलडी-१ ला ईडी-९९ ने भागलं की मार्जिन ऑफ सेफ्टी, म्हणजे सुरक्षित अंतर मिळतं. औषध अ साठी ५० भागिले १०, उत्तर ५. औषध ब साठी २० भागिले २५, उत्तर ०.८. एकापेक्षा कमी आलं याचा अर्थ असा, की सगळा कळप बरा करायला गेलात तर त्यातलं एखादं जनावर जाणार. इंडेक्स दोघांचाही २०, पण औषध ब मी कोणाला पाजायला सांगणार नाही.

आता वीस पटीचा घोळ. बाटलीवर लिहिलेली मात्रा ईडी-५० नसते, ती बहुतेक सगळ्या जनावरांना गुण येईल इतकी वरची असते. औषध अ च्या बाटलीवर १० लिहिलेलं असेल. वीस पट मोजायचे तर ते ५ पासून, आणि तिथे निम्मी जनावरं मेलेली असतात. बाटलीवरच्या १० पासून मोजलं तर पहिलं जनावर पाचव्या पटीलाच जातं.

फेनबेंडाझोल आणि क्लोसँटेल

फेनबेंडाझोलची उंदरावरची तोंडावाटे एलडी-५० किलोला १०,००० मिलिग्रॅमच्याही वर आहे आणि शेळीची मात्रा ५ ते १० मिलिग्रॅम. इथे मधली जागा एवढी मोठी, की शेळी हे औषध मेंढीपेक्षा लवकर शरीराबाहेर टाकते म्हणून डॉक्टर शेळीला मेंढीच्या दुप्पट मात्रा निर्धास्त सांगतात. "दुप्पट चालतं" हा समज इथूनच आलेला आहे. तो फेनबेंडाझोलपुरता खरा आहे, सगळ्या जंतनाशकांना लावायचा नाही.

क्लोसँटेल रक्त पिणाऱ्या जंतांवर आणि यकृतातल्या पर्णकृमींवर देतात, तोंडावाटे किलोला साधारण १० मिलिग्रॅम. ते रक्तातल्या प्रथिनांना चिकटून बरेच दिवस शरीरात राहतं, म्हणून त्याचा असर टिकतो. पण चूकही तितकीच टिकते. मात्रा काही पटींनी वर गेली की डोळ्याचा आतला पडदा आणि डोळ्याची नस खराब होते. शेळी मरतेच असं नाही, पण आंधळी होते. एलडी-५० फक्त मेलेली जनावरं मोजते, त्यामुळे हे नुकसान त्या आकड्यात येतच नाही. पत्रकात एलडी-५० मोठी दिसली म्हणून औषध निर्धोक ठरत नाही, ते याचसाठी.

चूक होते ती बहुतेक वेळा अशी. घरात २.५ टक्क्याचं फेनबेंडाझोल असतं, एका मिलीत २५ मिलिग्रॅम. ३० किलोच्या शेळीला १० च्या हिशोबाने ३०० मिलिग्रॅम, म्हणजे १२ मिली लागतं. हाताला १२ मिलीची सवय होते. पुढच्या खेपेला १५ टक्क्याचं क्लोसँटेल येतं, एका मिलीत १५० मिलिग्रॅम. त्याच शेळीला ३०० मिलिग्रॅम म्हणजे फक्त २ मिली हवं. सवयीने १२ मिली पाजलं तर १,८०० मिलिग्रॅम गेलं, किलोला ६०, थेट सहा पट. हीच गफलत फेनबेंडाझोलच्या बाबतीत झाली असती तर सहसा काही बिघडलं नसतं.

दुसरी चूक एकच माप सगळ्यांना लावण्याची. मोठ्या शेळीचं २ मिली १० किलोच्या करडाला गेलं तर किलोला ३० मिलिग्रॅम होतं, तिप्पट. तिसरी चूक म्हणजे फरक दिसला नाही म्हणून आठवड्यात पुन्हा पाजणं. पहिलं औषध अजून अंगात असतं, त्यावर दुसरं चढतं.

म्हणून बाटली बदलली की टक्केवारी वाचा, तिला १० ने गुणलं की एका मिलीतले मिलिग्रॅम मिळतात. वजन शक्यतो काट्यावर करा. काटा नसेल तर पुढच्या पायांमागून छातीचा घेर आणि खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंतची लांबी, दोन्ही सेंटिमीटरमध्ये घ्या. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले १०,८००. घेर ७० आणि लांबी ६२ असेल तर वजन सुमारे २८ किलो. २ मिलीसारखं माप झाकणाने घेऊ नका, सुई काढलेली ५ मिलीची सिरिंज वापरा. भीतीपोटी निम्मंही पाजू नका. तुम्ही आलेखाच्या डाव्या चढावर राहता, तगडे जंत जगतात आणि पुढच्या वर्षी तेच औषध लागू पडत नाही.

क्लोसँटेल जास्त पाजलं गेल्याची शंका असेल तर पुढचे काही दिवस डोळे बघा. शेळी दावणीला, भिंतीला धडकते, बाहुल्या मोठ्या राहतात आणि बॅटरीचा उजेड टाकला तरी आकसत नाहीत. वारा लागणार नाही अशा बेताने डोळ्यासमोर हात हलवला तरी पापणी मिटत नाही. यावर उतारा नाही आणि गेलेली नजर बहुधा परत येत नाही. तरी बाटली घेऊन पशुवैद्यकांकडे लगेच जा, आणि कळपातल्या बाकीच्यांना ते औषध थांबवा. लेव्हामिझोलचं मात्र उलट आहे. त्याची मात्रा साडेसात मिलिग्रॅमच्या आसपास, आणि दुप्पट झाली तरी लाळ, थरथर, बेचैनी दिसू शकते, तीही थोड्याच वेळात. बहुतेक शेळ्या काही तासांत सावरतात, पण श्वास लागला तर थांबू नका.

गाभण शेळीसाठी हे सगळे आकडे अपुरे पडतात. अल्बेंडाझोलने शेळी सुखरूप राहते, पण पहिल्या महिन्यात दिलं तर पोटातल्या करडात व्यंग येऊ शकतं. म्हणून त्या काळात ते टाळा.

त्रिकोणाबद्दल

हो, तो एलडी-५० वरूनच ठरतो. तोंडावाटे एलडी-५० किलोला १ ते ५० मिलिग्रॅम असेल तर लाल, ५१ ते ५०० पिवळा, ५०१ ते ५,००० निळा, त्यापुढे हिरवा. कातडीवाटे होणाऱ्या विषबाधेचे आकडे वेगळे धरतात. आकडा लहान तेवढं विष जहाल. पण इथे थेरप्युटिक इंडेक्स काढता येत नाही, कारण फवारणाऱ्याच्या अंगात गेलेल्या थेंबाचा त्याला उपयोग काहीच नाही, त्याच्यासाठी ईडी-५० हा आकडाच नाही. शिवाय त्रिकोण एका वेळच्या विषबाधेचा आहे. निळ्या त्रिकोणाचं औषध रोज उघड्या हाताने कालवलं तर काय होईल, हे तो सांगत नाही. म्हणून हातमोजे आणि तोंडावरचा मास्क निळ्या-हिरव्यालाही लागतोच.