स्थळाला नकार कळवताना

"ताई, मुलीला स्थळ पसंत नाही. माणसं मात्र फार चांगली आहेत, दोन भेटी झाल्यात. एकदम 'नाही' लिहिलं तर त्यांना अपमान वाटेल ना? कसं कळवू?"

नमस्कार झाला की पहिलंच वाक्य नकाराचं असू द्या. कौतुक, आभार, कारण, जे काही सांगायचं असेल ते त्याच्यामागून येऊ द्या.

हे मी इतकं ठामपणे सांगते, कारण एक मेसेज माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. एक आई माझ्याकडे तो घेऊन आल्या होत्या (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत). त्यांनी मुलाकडच्यांना लिहिलं होतं:

"नमस्कार. आपल्या घरी येऊन फार आनंद झाला. वहिनींच्या हातच्या पुरणपोळीची चव अजून जिभेवर आहे. मुलगा इतका सालस, की असा जावई मिळायला भाग्य लागतं. मुलीची नोकरी नवीन आहे, तिला थोडं स्थिरस्थावर व्हायचं आहे. शिवाय पुणे सोडणं तिला सध्या अवघड वाटतं. त्यामुळे तूर्तास पुढे जाणं जमेल असं वाटत नाही. लोभ असावा."

उत्तर आलं: "काही घाई नाही. दिवाळीनंतर याद्या करू. मुलगा पुण्याला बदली मागून घेतोय." आणि त्याने खरोखरच अर्ज दिला. मधल्या काळात आलेलं दुसरं एक स्थळ त्या घराने बघितलंही नाही.

"पण मी तर नाही म्हटलं होतं," आई रडवेल्या होऊन म्हणाल्या. मी त्यांना तो मेसेज मुलाच्या आईच्या जागी बसून मोठ्याने वाचायला सांगितला. पुरणपोळी, सालस, भाग्य. तिसऱ्या वाक्यापर्यंत ती बाई मनाने मांडवात पोचलेली असते. पुढची नोकरी आणि पुणे तिला नकाराची कारणं वाटतच नाहीत, सोडवायच्या अडचणी वाटतात. सहाव्या वाक्यातलं 'तूर्तास' तर तिला दिलासाच देतं. ज्यांना असे बरेच अनुभव आलेले असतात, त्यांचं उलट होतं. एवढं कौतुक दिसलं की ते 'पण' शोधत खाली धावतात आणि मनापासून केलेली स्तुती वाचायची राहून जाते.

मग आम्ही तो मेसेज नव्याने लिहायला बसलो. आईंना सुरुवात माफीने करायची होती. माफी हवीच होती, पण तीही खाली घ्यायला लावली, कारण माफीने सुरू झालेलं वाचताना माणूस तोंडातला घास तसाच धरून पुढचं शोधतो. शेवटी हे ठरलं:

"नमस्कार. आमचा निर्णय कळवते: हे लग्न आम्ही करणार नाही. मुलीने पूर्ण विचार करून ठरवलं आहे. मी आधी स्पष्ट लिहिलं नाही, त्यामुळे तुम्ही वाट पाहत राहिलात, याबद्दल मनापासून क्षमा मागते. दोन्ही भेटींत तुम्ही तिला मोकळेपणी बोलू दिलंत, ते आम्ही विसरणार नाही. मुलाचा बायोडाटा आणि फोटो आमच्या फोनमधून काढून टाकत आहोत."

यात पुणे नाही, नोकरीही नाही. जे कारण समोरचा दूर करू शकतो, ते दिलं की तो ते दूर करायला लागतो. पत्रिकेचा बहाणा केलात तर ते दुसऱ्या गुरुजींकडून जुळवून आणतील. कारण विचारलंच, तर "मुलीच्या मनातून होकार येत नाही" एवढं खरं आणि पुरेसं आहे.

पाठवण्याआधी आईंचा अंगठा बराच वेळ स्क्रीनवर थबकला होता. "कोरडं वाटतंय हो," त्या म्हणत राहिल्या. संध्याकाळी मुलाच्या वडिलांचं उत्तर आलं: "वाईट वाटलं. पण कळवलंत ते बरं केलंत. बदलीचा अर्ज उद्या मागे घ्यायला सांगतो."

तुमच्या दोन भेटी झाल्यात, म्हणून मेसेजऐवजी फोन करा. "बोलायला वेळ आहे का?" एवढं विचारा आणि लगेच निर्णय सांगा, प्रकृतीची चौकशी नंतर करा. मात्र मुलगी अजून दोलायमान असेल, तर नकार लिहू नका. "अजून ठरलेलं नाही, 20 तारखेपर्यंत कळवतो" असं लिहा आणि ती तारीख पाळा. मध्यस्थ असतील तर त्यांनाही तेच वाक्य लिहून पाठवा. तोंडी सांगितलंत, तर ते आपल्या परीने त्यावर साखर पेरतील आणि समोरच्या घरात पुन्हा दिवाळीनंतरच्या याद्या सुरू होतील.