करंट सीटीसी विचारली तर काय सांगायचं? (जर्मनी, ब्लू कार्ड)

"दादा, मी दिग्रसजवळच्या खेड्यातला. पुसदला बी.ई. केलं, आता नागपुरात सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये चार वर्षं झाली. सीटीसी 7.8 लाख. जर्मनीतल्या कंपनीसाठी रिक्रूटरचा फोन येणार आहे. सध्याचा पगार आणि अपेक्षित पगार विचारला तर काय सांगू? कमी सांगितला तर कमीच देतील ना?"

भाऊ, आधी रिक्रूटर कोण आहे ते पाह्य. आपल्याकडच्या एजन्सीचा असला तर त्याच्या डोक्यात एकच हिशोब असतो, सध्याच्या पगारावर तीस टक्के. तुझ्या 7.8 लाखांवर तीस टक्के चढवले की 10.14 लाख होतात. युरो शंभर रुपयांचा धरला तर वर्षाला दहा हजार युरोच्या आसपास. एवढ्यात तिथं राहणं-खाणं भागत नाही. जर्मनीच्या कंपनीला तुला त्या भावात नेताही येत नाही, कारण व्हिसासाठी पगाराची खालची मर्यादा कायद्यानं ठरलेली आहे. ब्लू कार्ड म्हणजे पदवीधरांना तिथं नोकरीसाठी मिळणारा परवाना, 2026 साठी त्याची मर्यादा वर्षाला 50,700 युरो आहे. आयटी आणि इंजिनिअरिंगसारख्या माणसांची टंचाई असलेल्या कामांसाठी ती 45,934.20. या कमी मर्यादेत जाताना तिथली रोजगार संस्था हेही तपासते, की त्याच कामाला तिथल्या माणसाला मिळतो तसा पगार तुला आहे का. तुझ्या नागपूरच्या पगाराशी तिला घेणंदेणं नाही.

म्हणून सध्याच्या पगारावर उत्तर असं दे: "माझा पगार भारतातल्या बाजाराप्रमाणे आहे, तो इथं लागू पडत नाही. या पदासाठी तुम्ही किती बजेट ठेवलंय?" बजेटचा प्रश्न आधी टाकणं चांगलं. 2023 च्या युरोपीय निर्देशात कंपनीनं उमेदवाराला जुना पगार विचारू नये आणि मुलाखतीआधी पगाराचा टप्पा सांगावा असं आहे. सदस्य देशांना ते लागू करायची मुदत जून 2026. तुझा प्रश्न त्यांना उद्धट वाटणार नाही.

तरी अडून बसला, किंवा फॉर्ममध्ये रकाना भरल्याशिवाय पुढे जाता येत नसेल, तर खरा आकडा दे. फुगवू नको. पगाराच्या स्लिपा आणि फॉर्म 16 मागितले की तिथंच उघडं पडतं. पण सीटीसीचा आकडा टाकू नको. आपल्या सीटीसीत कंपनीच्या वाट्याचा पीएफ आणि ग्रॅच्युइटी धरलेली असते, तर जर्मनीत कर-विमा कापण्याआधीच्या पगाराला ब्रुटो म्हणतात, त्यात कंपनीचा विम्याचा वाटा येत नाही. समजा तुझ्या 7.8 लाखांत 78 हजार व्हेरिएबल असतील, बेसिक महिन्याला 26 हजार असेल, त्यावर बारा टक्के पीएफ आणि ग्रॅच्युइटी. ते वजा केलं तर ठरलेला ग्रॉस वर्षाला 6.5 लाखांच्या आसपास राहतो. तोच लिही, आणि व्हेरिएबल वेगळं दाखव.

आता अपेक्षित पगार. कापूस घेऊन गेल्यावर व्यापारी आधी "कितीला द्यायचा?" विचारतो, तसंच हे. तू वर्षाला 48 ते 56 हजार युरो म्हणालास की समोरच्याला फक्त 48 ऐकू येतात. म्हणून खालचा आकडाही असा ठेव की तेवढ्यावर तू खुशाल जाशील. तुझ्या अनुभवाला मी 52 ते 56 हजार सांगेन. 54 हजार ब्रुटो म्हणजे महिन्याला 4,500, आणि एकट्या माणसाच्या हातात कर-विमा कापून साधारण 2,850 येतात. घरी पैसे पाठवायचे असतील तर हिशोब या हातातल्या रकमेवर कर. ब्रुटोला रुपयांनी गुणून गावात सांगत फिरू नको, मग प्रत्येक पाव्हणा उसने मागतो.

सांगताना तीन शब्द चुकवू नको: वार्षिक, ब्रुटो, ठरलेला. शेवटचा सगळ्यात महत्त्वाचा. समजा ऑफर आली 47 हजारांची, आणि पत्रात निघालं 42 हजार पगार अधिक 5 हजारांपर्यंत बोनस. बेरीज मर्यादेच्या वर दिसते, पण बोनस हमखास मिळणारा नसेल तर तो मोजत नाहीत. मग ब्लू कार्ड नाही, साधा कुशल कामगाराचा व्हिसा, तोही रोजगार संस्थेनं हो म्हटलं तर. फरक मोठा आहे. ब्लू कार्डावर 27 महिन्यांत कायम राहण्याचा परवाना मागता येतो, बी1 पातळीची जर्मन भाषा आली तर 21 महिन्यांत. अशा वेळी रिक्रूटरला सांग, "बोनस कमी करा, पण ठरलेला पगार 46 हजारांच्या वर घ्या." कंपनीचा खर्च फारसा वाढत नाही, त्यामुळे बरेचदा ऐकतात.

फोनवर होकार देऊ नको, आकडा मेलवर मागून घे. कंपनी व्हिसासाठी नोकरीच्या तपशिलाचा जो फॉर्म भरते, त्यातला पगार आणि करारातला पगार एकच आहे का, हे सही करण्याआधी ताडून पाह्य.