रात्री अकरालाही छत तापलेलं, काय करू?

"परभणीत वरच्या मजल्यावर राहतो. रात्री अकरालाही छत भट्टीसारखं. आतून फॉल्स सीलिंग करू की गच्चीला पांढरा रंग?"

आधी गच्चीला रंग. स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्री ती उष्णता खाली सोडतो, म्हणून ऊन वरच परतवायचं. फॉल्स सीलिंगने खोलीला आडोसा मिळतो, पण स्लॅब तापायचा तो तापतोच.

आमच्या गच्चीवर पहिल्या वर्षी धुळीवरच रंग मारला, पावसाळ्यात पापुद्रे निघाले. पुढच्या वेळी तारेच्या ब्रशने घासून धुतलं, भेगा भरल्या, दोन दिवस वाळू दिलं, मग कूल रूफ कोटिंगचे दोन हात दिले, दुसरा आडवा. आता रात्री छताला हात टेकवता येतो. चुन्याचा हात स्वस्त, पण तो दरवर्षी द्यावा लागतो. आपल्याकडे धूळ फार, म्हणून मार्चमध्ये गच्ची धुवाच, मळलेला पांढरा रंग ऊन शोषतो.

एक्झॉस्ट फॅन दुपारी लावू नका, बाहेरची झळ आत येते. बाहेर गार झाल्यावर समोरची खिडकी उघडून लावा.

वॉटरप्रूफिंग नव्याने करणारच असाल, तर त्यावर एक्सपीएस, म्हणजे उष्णता अडवणाऱ्या कडक फोमची शीट आणि वर पांढऱ्या चायना मोझॅकचे तुकडे. खर्च बराच, पण स्लॅबच झाकला जातो.