मोठं सिम कापून नॅनो करावं का?

प्रश्न: माझं सिम जुनं, मोठ्या आकाराचं आहे. नवीन फोनला नॅनो लागतं. कटरने कापलं तर चालेल ना? आणि कधी परत जुन्या फोनमध्ये टाकायचं झालं तर अडॅप्टर पुरेल का?

उत्तर: कापू नका. कंपनीकडून त्याच नंबरचं नॅनो सिम बदलून घ्या. जुन्या फोनसाठी अडॅप्टर चालतो, पण तो घालताना-काढताना काळजी घ्यावी लागते. त्याबद्दल शेवटी लिहितो.

आधी मापं बघा. स्टँडर्ड सिम २५ × १५ मिमी, मायक्रो १५ × १२ मिमी आणि नॅनो १२.३ × ८.८ मिमी. स्टँडर्ड आणि मायक्रो दोन्हींची जाडी ०.७६ मिमी, म्हणजे त्या दोघांत फरक फक्त भोवतीच्या प्लास्टिकचा. म्हणूनच स्टँडर्डचं मायक्रो कापून बऱ्याच जणांचं काम भागलं आणि 'सिम कापता येतं' हा समज पक्का झाला. नॅनोची गोष्ट वेगळी आहे. ते ०.६७ मिमी जाडीचं, म्हणजे ०.०९ मिमीने पातळ असतं. कटर लांबी-रुंदी कमी करतो, जाडी तेवढीच राहते. असं सिम ट्रेमध्ये बसलेलं दिसतं, पण ट्रे आत ढकलताना घट्ट जातो. तिथे जोर लावला की एक तर ट्रे आत अडकतो, नाही तर स्लॉटमधल्या स्प्रिंगच्या पिना वाकतात. सिम बदलून मिळतं, पण स्लॉट बदलायचा म्हणजे फोन उघडावा लागतो.

मग पॉलिश पेपरने घासून पातळ करावं, असं काही जण सुचवतात. सोनेरी पट्टी म्हणजे चिप नव्हे. चिप त्या पट्टीच्या मागच्या बाजूला, प्लास्टिकच्या आत बसवलेली असते. तिथून केसापेक्षा बारीक तारा पट्टीच्या एकेका भागाला जोडलेल्या असतात आणि हे सगळं रेझिनच्या थेंबाने झाकलेलं असतं. मागून घासलं तर घासणं नेमकं त्या थेंबावर येतं, पुढून घासलं तर सोन्याचा मुलामा जातो. दोन्हीकडून नुकसानच.

रुंदीचाही प्रश्न आहे. एखादं तयार नॅनो सिम तुमच्या जुन्या सिमच्या सोनेरी पट्टीवर ठेवून पाहा. जुन्या कार्डांवरची पट्टी बरेचदा मोठी असते आणि नॅनोच्या कडेबाहेर डोकावते. तसं असेल तर कटर प्लास्टिक नाही, पट्टीच कापणार. कापलेला धातू थेट कडेपर्यंत येतो आणि ट्रे धातूचा असेल तर त्याला टेकून शॉर्ट होऊ शकतो. पट्टी लहान असली तरी काप अर्धा-एक मिलिमीटर सरकला की पिन पट्टीच्या भागावर न टेकता दोन भागांमधल्या खाचेवर येते. मग फोन "No SIM" दाखवतो. त्याहून त्रासदायक म्हणजे सिम कधी लागतं, कधी जातं, फोन जरा हलला की रेंज गायब होते, आणि आपण नेटवर्कला दोष देत बसतो.

इतकं करून काप अचूक आला तरी हाती काय लागतं? कार्ड २जीच्या काळातलं असेल तर त्यावर ४जी चालणारच नाही, ४जीला यूसिम म्हणजे नंतरच्या पिढीचं सिम लागतं. फार जुनी काही कार्डं तर फक्त ५ व्होल्टवर चालतात आणि आजचे फोन ३ किंवा १.८ व्होल्टच देतात. म्हणून बदलून घेणंच शहाणपणाचं. त्याआधी सिमवर सेव्ह केलेले नंबर फोनमध्ये कॉपी करा. नवीन सिम चालू झालं की जुनं बंद पडतं. बहुतेक नवीन सिम तिन्ही आकारांत मोडता येईल अशा खाचांसह येतं. नॅनो काढून घेतल्यावर बाहेरची चौकट फेकू नका, तात्पुरता अडॅप्टर म्हणून ती कामाला येते.

आता अडॅप्टर. नॅनो त्यात सपाट बसलं पाहिजे, कातरलेला कोपरा कोपऱ्याला जुळला पाहिजे. मागे पातळ फिल्म असलेला अडॅप्टर घ्या, म्हणजे सिम खाली निसटत नाही. जाड चिकटपट्टी लावू नका, जाडी वाढून पुन्हा तीच अडचण येते. ट्रे असलेल्या फोनमध्ये फारसा धोका नाही. सिम थेट ढकलून बसवायचा स्लॉट असेल तर मात्र रिकामा अडॅप्टर चुकूनही आत घालू नका. पिना त्याच्या रिकाम्या चौकोनात वर येतात आणि बाहेर ओढताना चौकटीच्या कडेला अडकून मोडतात. आत असताना सिम निसटलं तरी हेच होतं.

अडकलाच तर ओढू नका. फोन बंद करा. पातळ पण ताठ प्लास्टिक फिल्मची स्लॉटपेक्षा किंचित अरुंद पट्टी कापा. ती अडॅप्टर आणि पिना यांच्या मधून हळूहळू शेवटपर्यंत सरकवा, म्हणजे पिना दाबल्या जातात. मग पट्टी आणि अडॅप्टर दोन्ही एकत्र बाहेर काढा. पट्टी मध्येच अटकली तर तिथेच थांबा आणि फोन दुरुस्तीवाल्याकडे न्या.