ॲसिड क्लोराइडपासून कीटोन: ग्रिन्यार पुढे का जातो आणि क्युप्रेट का थांबते

प्रश्न: "ॲसिड क्लोराइड कीटोनपेक्षा जास्त क्रियाशील असते, असे आम्हाला शिकवले. मग ग्रिन्यार रिएजंट आधी सगळे ॲसिड क्लोराइड संपवून कीटोनवर का थांबत नाही? आणि R2CuLi मात्र थांबते, ते का? 'कॉपर सौम्य असते' एवढेच उत्तर मिळते आणि त्याने समाधान होत नाही."

उत्तर:

'सौम्य' या शब्दाने समाधान होत नाही, हे योग्यच आहे, कारण तो शब्द येथे दिशाभूल करतो. डायमिथाइल क्युप्रेट, म्हणजे (CH3)2CuLi, उणे ७८ अंश सेल्सिअसला ॲसिड क्लोराइडशी काही मिनिटांत अभिक्रिया करते. साधे ग्रिन्यार रिएजंट ज्या अल्काइल आयोडाइडशी सहसा नीट जोडले जात नाही, त्याच्याशीही क्युप्रेट जोडले जाते. अशा रिएजंटला दुर्बळ म्हणता येणार नाही. त्याचा हल्ला वेगळ्या मार्गाने होतो आणि तो मार्ग कीटोनच्या बाबतीत पूर्णत्वाला जात नाही, एवढाच फरक आहे. संपूर्ण उत्तरासाठी मी हेक्झॅनॉइल क्लोराइडचे एकच उदाहरण घेतो. त्यापासून २-हेप्टॅनोन मिळवायचे आहे.

आधी ग्रिन्यारकडे पाहू. CH3MgBr मधील कार्बन-मॅग्नेशियम बंध बराच ध्रुवीय असतो, कारण मॅग्नेशियमची विद्युतऋणता १.३ आणि कार्बनची २.५५ आहे. त्या बंधातील इलेक्ट्रॉनजोडी थेट कार्बोनिल कार्बनवर जाते आणि त्याच वेळी मॅग्नेशियम ऑक्सिजनला धरून कार्बोनिल गट अधिक क्रियाशील करते. ॲसिड क्लोराइडवर हे घडले की चतुष्फलकी मध्यस्थ तयार होतो, क्लोराइड सहज बाहेर पडते आणि कीटोन मिळते. मात्र या हल्ल्याला बाहेर पडणाऱ्या गटाची मुळीच गरज नसते. कार्बोनिल कार्बन असला आणि मॅग्नेशियमला धरायला ऑक्सिजन असला की पुरे. कीटोनमध्ये या दोन्ही गोष्टी आहेत, म्हणून तेच पाऊल पुन्हा पडते आणि तृतीयक अल्कोहोलचे मॅग्नेशियम लवण तयार होते. येथे बाहेर पडायला काही उरलेले नसल्यामुळे अभिक्रिया थांबते.

आता तुमच्या प्रश्नाच्या पहिल्या भागाकडे येतो. ॲसिड क्लोराइड जास्त क्रियाशील असते हे खरे आहे, परंतु किती पटींनी, यावर सगळे अवलंबून आहे. शून्य अंशाला ईथरमध्ये ग्रिन्यारच्या दृष्टीने दोघेही इतके वेगवान असतात की निवडीला फारसा वाव उरत नाही. त्यातच ॲसिड क्लोराइडचा थेंब ग्रिन्यारच्या द्रावणात पडतो, तेव्हा त्या थेंबाभोवती ग्रिन्यारचा मोठा साठा असतो आणि नुकत्याच तयार झालेल्या कीटोनला तेथून निघायला वेळच मिळत नाही. समजा, ५ मिलिमोल हेक्झॅनॉइल क्लोराइडला हिशोबाने नेमके ५ मिलिमोल CH3MgBr दिले. अगदी टोकाच्या स्थितीत त्यातून २.५ मिलिमोल २-मिथाइल-२-हेप्टॅनॉल मिळेल आणि २.५ मिलिमोल ॲसिड क्लोराइड तसेच उरेल. पाणी घातल्यावर त्याचे हेक्झॅनॉइक आम्ल होईल आणि त्याच्या उग्र वासावरूनच काय झाले ते कळेल. प्रत्यक्षात कीटोन, अल्कोहोल आणि आम्ल यांचे मिश्रण हाती येते. म्हणजे प्रमाण एकास एक ठेवले तरी आपोआप कीटोन मिळत नाही.

तरीही "ग्रिन्यार नेहमी दोनदाच जोडले जाते" हा नियम समजू नये. टेट्राहायड्रोफ्युरानमध्ये उणे ७८ अंशाला ॲसिड क्लोराइडचे द्रावण ठेवून त्यात एक समतुल्य ग्रिन्यार हळूहळू सोडले, तर अनेक ॲसिड क्लोराइडांपासून चांगल्या प्रमाणात कीटोन मिळते. तापमान उतरले की दोन वेगांतले अंतर उपयोगी पडू लागते आणि उलट्या क्रमाने घातल्यामुळे ग्रिन्यारचा साठा कोठेच होत नाही. परीक्षेतील उत्तर जादा ग्रिन्यार आणि नेहमीचे तापमान गृहीत धरून लिहिलेले असते, हे लक्षात ठेवावे.

क्युप्रेटमध्ये गोष्ट वेगळी आहे. येथे हल्ला करणारी इलेक्ट्रॉनजोडी मुख्यतः कॉपरच्या भरलेल्या d-कक्षकांतील असते, मिथाइलच्या कार्बनवरची नव्हे. कॉपर ॲसिल कार्बनशी बंध जोडते, क्लोराइड निघून जाते आणि कॉपरचा ऑक्सिडेशन अंक एकवरून तीन होतो. आता एकाच कॉपरवर दोन मिथाइल आणि एक ॲसिल गट असतात. असे कॉपर (III) संयुग फार टिकत नाही. ॲसिल आणि एक मिथाइल एकमेकांना जोडून कीटोन म्हणून बाहेर पडतात आणि कॉपर पुन्हा एक अंकावर, मिथाइल कॉपरच्या रूपात परततो. क्युप्रेटच्या इतर अभिक्रियांत, म्हणजे असंतृप्त कीटोनवरील संयुग्मी योग आणि अल्काइल आयोडाइडशी जोडणी यांत, असे कॉपर (III) मध्यस्थ २००७ मध्ये अतिशय कमी तापमानाला एनएमआरवर प्रत्यक्ष दिसले. ॲसिड क्लोराइडसाठीचा मार्ग त्यावरून आणि क्रियाशीलतेच्या क्रमावरून मांडला जातो.

या मार्गावर कीटोन आले की काय होते ते पाहा. कीटोनच्या कार्बोनिल कार्बनवरून काही निघून जाऊ शकत नाही. कॉपर त्याच्या जवळ आले तरी कॉपर (III) ची स्थिर अवस्था गाठायला क्लोराइडसारखा निघणारा गट नाही, म्हणून ते बहुधा आल्या वाटेने परत जाते. कॉपर-कार्बन बंध फारसा ध्रुवीय नसल्यामुळे (कॉपरची विद्युतऋणता १.९ आहे) मिथाइलचा कार्बन ग्रिन्यारप्रमाणे स्वतःहूनही हल्ला करत नाही. शून्य अंशाच्या आसपास साधे कीटोन क्युप्रेटशी हळूहळू अभिक्रिया करते, परंतु उणे ७८ अंशाला ते जवळजवळ तसेच राहते. क्रम साधारण असा आहे: सर्वांत आधी ॲसिड क्लोराइड, मग आल्डिहाइड, त्यानंतर टोसिलेट आणि इपॉक्साइड, मग आयोडाइड, आणि त्यांच्याही मागे कीटोन, एस्टर व नायट्राइल. एकाच रेणूत दूरवर एस्टर किंवा नायट्राइल असले तरी ॲसिड क्लोराइडवर क्युप्रेट वापरता येते, ते या क्रमामुळेच. आल्डिहाइड मात्र या यादीत वर आहे, हे विसरू नये.

आता कृती. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला पोझ्नर आणि सहकाऱ्यांनी रूढ केलेल्या पद्धतीत एका समतुल्य ॲसिड क्लोराइडला तीन समतुल्य क्युप्रेट, ईथर, उणे ७८ अंश आणि सुमारे पंधरा मिनिटे, असा मेळ आहे. ५ मिलिमोल, म्हणजे ०.६७ ग्रॅम हेक्झॅनॉइल क्लोराइडसाठी १५ मिलिमोल क्युप्रेट हवे. त्यासाठी २.८६ ग्रॅम CuI आणि ३० मिलिमोल मिथाइल लिथियम लागते. १.६ मोलर द्रावण असेल तर ते १८.७५ मिली होते. बाटलीवरच्या आकड्यावर विसंबू नये, त्याच दिवशी अनुमापन करून घ्यावे. CuI शुभ्र असावे. ते तपकिरी झाक मारत असेल तर पोटॅशियम आयोडाइडच्या संपृक्त उकळत्या द्रावणात विरघळवून, पाण्याने विरल करून पुन्हा अवक्षेपित करावे आणि धुऊन निर्वातात पूर्ण वाळवावे.

नायट्रोजन किंवा आरगॉनखाली, शून्य अंशाला, ईथरमधील पांढऱ्या CuI वर मिथाइल लिथियम थेंब थेंब सोडताना डोळे फ्लास्कवरच ठेवावेत. पहिले समतुल्य जाते तसतसा गडद पिवळा गाळ तयार होतो. हे मिथाइल कॉपर. दुसरे समतुल्य जाऊ लागले की तो गाळ विरघळत जातो आणि शेवटी जवळजवळ रंगहीन द्रावण उरते. हे क्युप्रेट. मिथाइल कॉपर अतिरिक्त मिथाइल लिथियममध्ये विरघळते, हे गिलमन यांनी १९५२ मध्ये नोंदवले. माझ्या मते पिवळ्या गाळाचा अगदी पुसट अंश शिल्लक असतानाच थांबलेले बरे. मिथाइल कॉपर कीटोनला हात लावत नाही, पण जादा मिथाइल लिथियम कीटोनवर लगेच तुटून पडते आणि मग ग्रिन्यारचाच दोष येथेही दिसतो. मिथाइल कॉपर कोरडे करण्याचा प्रयत्न मात्र कधीही करू नये, कारण कोरड्या अवस्थेत ते स्फोटक असते.

जादा मिथाइल लिथियम राहिले आहे का, हे गिलमन चाचणीने कळते. द्रावणाचा थोडा अंश मिशलर कीटोनमध्ये घालून, नंतर पाणी आणि ॲसिटिक आम्लातील आयोडीन घातल्यावर निळा-हिरवा रंग आला, तर लिथियम किंवा ग्रिन्यार रिएजंट उरलेले आहे. येथे थोडे थांबून विचार करावा, कारण या चाचणीत तुमच्या प्रश्नाचेच उत्तर आहे. मिशलर कीटोन हे नावाप्रमाणे कीटोन आहे. मिथाइल लिथियम त्याच्याशी जोडले जाते, म्हणून रंग येतो. नीट बनवलेले क्युप्रेट त्याच्याशी जोडले जात नाही, म्हणून रंग येत नाही.

द्रावण उणे ७८ अंशाला आणून ईथरमधील ॲसिड क्लोराइड घालावे आणि पंधरा मिनिटांनी त्याच तापमानाला, फ्लास्क थंड असतानाच, सुके मिथेनॉल घालून उरलेले क्युप्रेट नष्ट करावे. ही पायरी अनेक जण ढिलाईने करतात आणि तेथेच उत्पादन घसरते. तीन समतुल्य क्युप्रेट फ्लास्कमध्ये आहे. तो आधी शीतकुंडातून काढला, तर तापमान वाढताना तेच क्युप्रेट तयार कीटोनवर काम सुरू करते. त्यानंतर अमोनियम क्लोराइडच्या संपृक्त द्रावणात थोडा अमोनिया घालून हवेत ढवळावे. कॉपर पाण्याच्या थरात उतरून तो गर्द निळा होतो आणि थर वेगळे करणे सोपे जाते.

काय मिळाले हे आयआर आणि एनएमआरवर लगेच कळते. १८०० च्या आसपासचा ॲसिड क्लोराइडचा पट्टा जाऊन १७१५ च्या आसपास कीटोनचा पट्टा यायला हवा आणि ३३५० जवळ रुंद OH पट्टा नसावा. प्रोटॉन एनएमआरमध्ये २.१ पीपीएमला तीन प्रोटॉनांची एकेरी रेषा म्हणजे २-हेप्टॅनोनचे मिथाइल. १.२ पीपीएमला सहा प्रोटॉनांची एकेरी रेषा दिसली, तर दोन मिथाइल जोडले गेले आहेत आणि तुमच्या हाती २-मिथाइल-२-हेप्टॅनॉल आहे. अशा वेळी आधी मिथाइल लिथियमचे अनुमापन तपासावे आणि नंतर मिथेनॉल कोणत्या तापमानाला घातले ते आठवावे.

या पद्धतीची खरी मर्यादा मिथाइलपलीकडे जाणवते. ब्युटाइल क्युप्रेट थोडे तापले तरी विघटन पावते आणि द्रावण काळवंडते, म्हणून ते कायम थंड ठेवावे लागते. द्वितीयक आणि तृतीयक अल्काइलची साधी क्युप्रेट त्याहून नाजूक असतात. शिवाय क्युप्रेटमधील दोन गटांपैकी एकच कीटोनमध्ये जातो. गट महागडा असेल तर हा अपव्यय परवडत नाही. या दोन्ही अडचणींवर मिश्र क्युप्रेट वापरतात. त्यात एका बाजूला फिनाइलथायो गट असतो, जो कॉपरवरून हलत नाही, आणि दुसऱ्या बाजूला हवा तो अल्काइल. फिनाइलथायो टर्ट-ब्युटाइल क्युप्रेट आणि बेंझॉइल क्लोराइड यांच्यापासून टर्ट-ब्युटाइल फिनाइल कीटोन या मार्गाने चांगल्या प्रमाणात मिळते. येथे तीनऐवजी जवळजवळ एकच समतुल्य पुरते. थायोफिनॉलच्या वासामुळे ते काम फ्यूम हूडमध्ये करावे आणि काचसामान धुण्याआधी ब्लीचमध्ये बुडवून ठेवावे.