मंजूर टाइमशीटवरून महिन्याचं बिल: ओळी तारखेवरून नका उचलू

> इंदुरात आमची आठ जणांची सॉफ्टवेअर सेवा देणारी फर्म आहे. बिल तासांवर, टाइमशीट गूगल शीटमध्ये. पुणे, ग्वाल्हेर, बडोद्याच्या ग्राहकांकडून मंजुरी उशिरा येते. मग काही तास कुठल्याच बिलात येत नाहीत, काही दोनदा येतात, आणि बेरीज दर वेळी वेगळी निघते. पद्धत कशी बसवायची?

"१ ते ३० सप्टेंबर" असा फिल्टर लावून तुम्ही ओळी उचलत असणार, आणि सगळा घोळ तिथेच होतो. ऑगस्टचं काम १० सप्टेंबरला मंजूर झालं, तर ते ऑगस्टच्या बिलातून सुटलेलं असतं आणि सप्टेंबरच्या फिल्टरमध्ये बसत नाही. मग कोणीतरी ते हाताने घालतं, आणि पुढच्या महिन्यात दुसरं कोणी तेच पुन्हा घालतं.

उपाय एका रकान्याचा आहे. टाइमशीटच्या प्रत्येक ओळीला बिल क्रमांकाचा रकाना द्या. ओळ बिलात जाण्यासाठी चारच अटी: आकारणीयोग्य आहे, मंजुरीची तारीख भरलेली आहे, कामाची तारीख महिनाअखेरपर्यंतची आहे, आणि बिल क्रमांक रिकामा आहे. महिन्याची सुरुवातीची तारीख अटीत नाहीच, त्यामुळे मागचं राहिलेलं काम आपोआप पुढच्या बिलात येतं आणि एकदा क्रमांक पडला की पुन्हा येत नाही.

खाली `Log` मध्ये A तारीख, B ग्राहकाचा कोड, D कामाचा प्रकार, E वेळ, F आकारणीयोग्य, G मंजुरीची तारीख, H दर, I बिल क्रमांक, J रक्कम असं धरलं आहे.

```
=FILTER(Log!A2:J, Log!B2:B="P01", Log!F2:F="Y", Log!G2:G<>"", Log!A2:A<=DATE(2025,9,30), Log!I2:I="")
```

पण ही यादी जिवंत असते. तुम्ही मसुदा काढून ग्राहकाला दाखवता, तेवढ्यात दोन ओळी मंजूर होतात आणि बेरीज बदलते. म्हणून मसुदा काढताना निवडलेल्या ओळींच्या I रकान्यात तात्पुरती खूण टाका, उदाहरणार्थ `D-P01-09`, आणि मसुदा त्या खुणेवरूनच बनवा. बिल पक्कं झालं की खुणेच्या जागी खरा क्रमांक. मधे मंजूर झालेल्या ओळी निमूट पुढच्या महिन्याची वाट पाहतात.

आता वेळ. शीटमध्ये वेळ दिवसाच्या अंशात साठवलेली असते, म्हणून रक्कम काढताना २४ ने गुणावं लागतं:

```
=ROUND(E2*24*H2, 2)
```

बेरजेच्या रकान्याला `[h]:mm` हे स्वरूप द्या. नुसतं `h:mm` ठेवलं तर २४ तासांनंतर काटा पुन्हा शून्यावर येतो आणि ४० तास ५० मिनिटांचे १६:५० दिसतात. त्याहून महागात पडणारी चूक म्हणजे २२ तास ४० मिनिटं २२.४० म्हणून लिहिणं.

दरही कामाच्या तारखेवरून लागला पाहिजे. मंजुरीची किंवा बिलाची तारीख इथे चालत नाही. दरपत्रक वेगळ्या पानावर ठेवा: ग्राहक, कामाचा प्रकार, कधीपासून, कधीपर्यंत, दर.

```
=SUMIFS(Rates!E:E, Rates!A:A, B2, Rates!B:B, D2, Rates!C:C, "<="&A2, Rates!D:D, ">="&A2)
```

इथे `SUMIFS` मुद्दाम वापरलं आहे. दरांच्या तारखा एकमेकींवर चढल्या तर दर जवळजवळ दुप्पट दिसतो, मधे फट राहिली तर शून्य. दोन्ही लगेच डोळ्यांत खुपतात. चालू दराची शेवटची तारीख मात्र रिकामी ठेवू नका, ३१-१२-२०९९ घाला, नाहीतर तिथेही शून्यच येईल.

पुण्याच्या ग्राहकाचं सप्टेंबर २०२५ चं बिल धरू. १५ तारखेपर्यंत दर १,२०० रुपये, १६ पासून १,३५०. पहिल्या पंधरवड्यात २२ तास ४० मिनिटं, म्हणजे २७,२०० रुपये. दुसऱ्यात १८ तास १० मिनिटं, म्हणजे २४,५२५. ऑगस्टचे उशिरा मंजूर झालेले ३ तास ३० मिनिटं जुन्याच दराने, ४,२००. एकूण ५५,९२५. त्यावर १८ टक्के आयजीएसटी १०,०६६.५०, आणि जवळच्या रुपयाला आणून बिल ६५,९९२ रुपयांचं. हेच तास २२.४०, १८.१० आणि ३.३० असे लिहिले असते तर कराआधीची रक्कम ५५,२७५ आली असती, म्हणजे ६५० रुपये कमी. ऑगस्टचे तास बिलावर वेगळ्या ओळीत, कामाच्या तारखांसह दाखवा, नाहीतर समोरचे अकाउंटंट ती ओळ हमखास अडवून धरतात.

दशांश छापण्याचाही एक त्रास आहे. बिलावर २२.६७ तास गुणिले १,२०० लिहिलं तर समोरचा गुणाकार करून २७,२०४ काढतो आणि चार रुपयांसाठी फोन येतो. एकतर तास-मिनिटं छापा, किंवा नोंदी सहा-सहा मिनिटांच्या पटीत घ्या, म्हणजे ०.१ तास अचूक बसतो. पंधरा मिनिटांची पट ठरली असेल तर ती प्रत्येक फोनला लावायची की दिवसाच्या बेरजेला, हे करारात लिहून घ्या. पाच मिनिटांचे चार फोन पहिल्या पद्धतीने एक तास होतात, दुसऱ्या पद्धतीने अर्धा.

कर कोणता, ते ग्राहकाच्या जीएसटी क्रमांकाच्या पहिल्या दोन अंकांवरून कळतं. २३ म्हणजे मध्य प्रदेश, म्हणून ग्वाल्हेरला ९ टक्के सीजीएसटी आणि ९ टक्के एसजीएसटी. पुण्याचा २७ आणि बडोद्याचा २४, दोघांना आयजीएसटी. एकाच कंपनीची इंदूर आणि पुणे अशी दोन नोंदणी असेल, तर बिल कुठल्या क्रमांकावर हवं ते काम सुरू होतानाच विचारा.

बिलाचा क्रमांक जास्तीत जास्त १६ अक्षरांचा आणि त्या आर्थिक वर्षात एकमेव असावा लागतो. `IN/25-26/0147` पुरे. त्यात ग्राहकाचं नाव आणि महिना कोंबला की मर्यादा ओलांडते. मसुद्याला खरा क्रमांक देऊच नका; रद्द झालेले क्रमांक जीएसटीआर-१ मध्ये दाखवत बसावं लागतं. क्रमांक टाकल्यावर एक पडताळा घ्या. खालची बेरीज बिलाच्या कराआधीच्या रकमेशी पैशापर्यंत जुळली पाहिजे:

```
=SUMIFS(Log!J:J, Log!I:I, "IN/25-26/0147")
```

ऑगस्टचं काम सप्टेंबरअखेर बिलात घेणं नियमात बसतं का, हे करारावर अवलंबून आहे. सेवेचं बिल साधारणपणे सेवा दिल्यापासून ३० दिवसांत काढायचं असतं. करार तीन महिन्यांहून मोठा असून ठरावीक काळाने पैसे देण्याची अट असेल, तर ती सलग सेवा धरली जाते आणि करारातली पैशाची देय तारीख लागू होते. म्हणून "मंजूर तासांचं बिल दर महिन्याला" हे करारात स्पष्ट हवं. सोबत "पाच कामाच्या दिवसांत हरकत न आल्यास तास मंजूर समजावेत" हेही घाला. दिवाळीत मंजुरी देणारी माणसं सुट्टीवर असतात, तेव्हा या वाक्याची किंमत कळते.

शेवटी दुरुस्ती. बिल झालेल्या ओळीला कोणीही हात लावायचा नाही, ती संरक्षित करून टाका. तास कमी लावले गेले होते असं निघालं तर नवी ओळ जोडा आणि कधी जोडलं त्याची नोंद ठेवा. तास जादा लावले गेले असतील तर मात्र पुढच्या बिलात वजा ओळ घालू नका. मूळ बिलाचा क्रमांक देऊन क्रेडिट नोट काढा, तरच कर कमी करून मिळतो. ती विवरणात दाखवण्याची मुदत आर्थिक वर्ष संपल्यानंतरच्या ३० नोव्हेंबरपर्यंत असते, आणि त्या वर्षाचं वार्षिक विवरण आधी भरलं तर तोपर्यंतच. त्यामुळे ग्राहकाची हरकत आली की त्याच महिन्यात निकाली काढा.