पोराच्या हाताची चौकशी आणि आजींचा पाय

«ताई, काल संध्याकाळी माझ्या नऊ वर्षांच्या मुलाला हाताला गांधीलमाशी चावली. आज हात पार कोपरापर्यंत सुजलाय, लाल आहे, गरम लागतोय. शेजारच्या काकू म्हणतात विष चढतंय, मेडिकलमधून अँटिबायोटिक आणून लगेच सुरू कर. सुरू करू का?»

नको. आधी हाताला काही अडकवलं असेल तर ते काढा, मग बोलू. एवढंच मी पहिल्यांदा म्हणाले, कारण फोटोत त्याच्या मनगटात चांदीचं कडं दिसत होतं आणि ते मांसात रुतायला लागलं होतं. साबण लावून ते निघालं.

हा फोन जुलैमधला, भोरकडच्या एका गावातला. आमच्या दवाखान्यात मी समुपदेशनाचं काम करते. औषध लिहून देणं माझं काम नाही. कोण घरी थांबू शकतं आणि कोणाला आजच्या आज डॉक्टरांकडे यायला हवं, एवढं विचारून विचारून ठरवायचं, हे माझं काम.

मी विचारलं, किती वाजता चावली? पाचच्या सुमारास. आणि सूज कधी आली? रात्री झोपतानाच हात फुगला होता. त्याला खाजतंय की दुखतंय? आईने मुलालाच विचारलं. «खाज येतेय गं सारखी,» तो मागून ओरडला. त्याच हाताची बोटं उघडमीट करून दाखव म्हटल्यावर त्याने ती पटापट करून दाखवली. ताप नव्हता, सकाळी दोन भाकऱ्या खाल्ल्या होत्या.

घड्याळ इथे फार उपयोगी पडतं. जंतूंना कातडीखाली वाढायला वेळ लागतो, म्हणून चावल्यापासून काही तासांतच हात फुगला तर ती बहुतेक वेळा माशीच्या विषावरची शरीराची प्रतिक्रिया असते. अशी सूज दुसऱ्या दिवशी आणखी वाढते. साधारण ४८ तासांपर्यंत ती भीती वाटेल इतकी मोठी होऊ शकते आणि मग उतरायला लागते. पूर्ण जायला आठवडा, कधी दहा दिवसही लागतात. लाली आणि गरमपणा तर दोन्हीत असतो, कारण त्या जागी रक्त जास्त धावतं. म्हणून नुसता हात गरम आहे यावरून काहीच ठरत नाही.

खरी धास्ती असते ती चावल्यानंतरच्या पहिल्या दोन-तीन तासांत: ओठ-जीभ सुजणं, श्वास लागणं, अंगभर गांधी उठणं, उलट्या, चक्कर. तसं काही झालं तर फोन करत बसायचं नाही, सरळ दवाखाना गाठायचा. या मुलाच्या बाबतीत ती वेळ कधीच टळली होती.

त्याच्या आईला मी सांगितलं, बॉलपेनने लालीच्या कडेने रेघ मारा आणि शेजारी तारीख-वेळ लिहा. हात उशीवर उंच ठेवा. गार पाण्याची घडी दहा-पंधरा मिनिटं ठेवायची, अशी दिवसातून चार-पाच वेळा. खाजेचं औषध वजनाप्रमाणे डॉक्टर फोनवर सांगतील. उद्या संध्याकाळपर्यंत लाली रेघेबाहेर गेली तरी घाबरू नका. पण तिसऱ्या दिवशीही ती वाढतच राहिली, किंवा खाज जाऊन ठणका लागला, ताप आला, तर घेऊन या.

मी फोन ठेवणारच होते, तेवढ्यात मागून आजी बोलल्या. «पोराचं एवढं काय करता! मलाबी चावलं न्हवं का बांधावर, पायाला. मी काय बोंबलले का?»

किती दिवस झाले, आजी? «झाले की पाच दिस.»

चावलं तेव्हा मटाराएवढी गाठ आली, खाज सुटली, त्यांनी ती खाजवली आणि वर चुना-हळद लावली. दोन दिवसांत ती बरी व्हायला लागली होती. मग परवापासून पाय जड झाला. आता खाज अजिबात नाही, पण पाय खाली सोडला की ठणकतो. रात्री थंडी वाजून गोधडी घेतली होती. शुगरची गोळी सुरू आहे, «कधीमधी राहते».

फोटो मागवला तर नुसता पिवळा पाय! मी सुनेला तो धुवायला लावला. धुतल्यावरही फोटोत फारसं कळेना. सावळ्या कातडीवर लाली लालसर न दिसता तपकिरी-जांभळट दिसते, आणि मोबाईलच्या कॅमेऱ्यात तर तेवढीही उतरत नाही. अशा वेळी मी डोळ्यांपेक्षा हातावर विश्वास ठेवते. «तुमच्या पंजाची मागची बाजू आधी त्यांच्या चांगल्या पायाला लावा, मग दुखऱ्या,» मी म्हटलं. «अगं बाई, हा तर तव्यासारखाय,» सून म्हणाली. कातडी ताणून चकाकत होती, बोटाने हलकं दाबलं तरी आजी पाय ओढून घेत होत्या.

मग पाय उजेडात नेऊन घोट्याच्या आतल्या बाजूने वर बघायला सांगितलं. पोटरीवरून गुडघ्याकडे बोटभर रुंदीची पुसट लाल रेघ गेली होती. आजी स्वतःच म्हणाल्या, «जांघेत अवधाण आलंय कालपासून.» अवधाण म्हणजे जखमेपायी सुजलेली गाठ. जंतू लसिकावाहिन्यांतून वर सरकतात तेव्हा त्या वाहिन्या सुजून कातडीवर रेघ उमटते, आणि ती जवळच्या गाठीच्या दिशेने जाते: पायाची जांघेकडे, हाताची काखेकडे.

मी सांगितलं, मुलाला घरी ठेवा आणि आजींना आत्ताच्या एसटीने घेऊन या. सुनेला वाटलं, माझ्या ऐकण्यात गोंधळ झालाय.

एक कबुली इथे देते. सुरुवातीच्या वर्षांत मी लाल रेघेलाच खूण धरून बसायचे. रेघ नाही म्हणजे ठीक. ते चूक होतं. कातडीच्या पसरणाऱ्या संसर्गात पुष्कळदा रेघ उमटतच नाही. उलट, क्वचित माशी चावल्यावर पहिल्या दिवशीच, जंतू नसतानाही, अशी रेघ दिसते. रेघ दिसली की डॉक्टरांना दाखवायचंच. पण तिची वाट मात्र बघत बसायचं नाही.

आजींची शुगर त्या दिवशी ३००च्या वर निघाली. डॉक्टरांनी ठेवून घेतलं, शिरेतून अँटिबायोटिक सुरू केलं, पाय उंच टांगला, पेनने कड आखली. दुसऱ्या सकाळी सुनेचा घाबराघुबरा फोन: लाली रेघेच्या बोटभर बाहेर गेलीय, औषध लागू पडत नाही का? ताप विचारला तर उतरला होता, ठणका कमी होता, आजी चहासाठी कुरकुरत होत्या. पहिला दिवस-दीड दिवस लाली थोडी पुढे सरकू शकते, औषध काम करत असलं तरी. ताप आणि दुखणं आधी उतरतं, रंग मागून. पण वेदना पायाच्या दिसण्याच्या मानाने भलतीच वाढली असती, कातडी काळीनिळी पडली असती, फोड आले असते किंवा ती जागा बधिर झाली असती, तर त्याच तासाला मोठ्या रुग्णालयात हलवावं लागलं असतं. तसं झालं नाही. तिसऱ्या दिवशी लाली रेघेच्या आत आली, आणि मग गोळ्यांवर घरी.

मुलाचा हात तोवर निम्मा उतरला होता.

आजी पुन्हा तपासणीला आल्या तेव्हा डॉक्टरांनी पायाची बोटं फाकवून पाहिली. मधल्या बेचक्यांत पांढऱ्या, ओलसर चिखल्या होत्या, लावणीच्या दिवसांत असतात तशा. चिखल्यांच्या भेगांतूनही जंतू सहज आत शिरतात. म्हणजे बांधावर जे काही चावलं, त्याचा यात किती हात होता, कोण जाणे. डॉक्टरांनी चिखल्यांवर मलम दिलं. बोटांच्या मधली जागा रोज कोरडी करायला सांगितली, तर आजी म्हणाल्या, «लावणी काय मग तुम्ही करणार?»